फाइल केवढी, जागा केवढी?

विंडोजमध्ये कुठल्याही फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘Properties’ उघडा. तिथे एकाखाली एक दोन ओळी दिसतात: `Size` आणि `Size on disk`. दोन्ही आकडे एकाच फोल्डरचे असतात, पण ते सहसा जुळत नाहीत. कधी फरक एवढा किरकोळ असतो की नजरेत भरत नाही, कधी दुसरा आकडा पहिल्याच्या चाळीसपट होतो आणि कधी तो चक्क शून्य असतो. मग माणूस खात्री करून घ्यायला दुसरे एखादे सॉफ्टवेअर आणतो आणि ते तिसराच आकडा सांगते. डिस्क खराब झाली, व्हायरस शिरला किंवा सॉफ्टवेअर खोटे बोलते आहे, अशी शंका इथूनच सुरू होते.

बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. ‘ही फाइल केवढी आहे?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत. फाइलमध्ये मजकूर किती, त्यासाठी डिस्कवर जागा किती अडली आणि त्या जागेवर किती नावांचा हक्क आहे? प्रत्येक सॉफ्टवेअर यातल्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण कोणता प्रश्न विचारला होता हे कळले, तर कोणता आकडा धरायचा तेही कळते. त्यासाठी तीन गोष्टी एकेक करून पाहू.

२८६ एमबीचा मजकूर, १२ जीबीची जागा

समजा, एका ग्रंथालयाने जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅन केली आणि प्रत्येक पानावरच्या मजकुराची एक वेगळी फाइल बनवली. अशा एक लाख फायली झाल्या. एका फाइलमध्ये सरासरी हजार अक्षरचिन्हे आहेत. युनिकोडच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे फाइलमागे साधारण ३,००० बाइट झाले. एक लाख फायलींचे तीस कोटी बाइट, आणि विंडोजच्या हिशेबाने २८६ एमबी. `Size` या ओळीत हाच आकडा दिसेल.

डिस्कवर मात्र जागा बाइटाबाइटाने दिली जात नाही. डिस्कचे सारख्या मापाचे तुकडे पाडलेले असतात आणि त्यांना क्लस्टर म्हणतात. एक क्लस्टर एकाच फाइलला मिळतो. त्यातली काही जागा उरली तरी ती दुसऱ्या फाइलला देता येत नाही. विंडोजच्या संगणकातल्या डिस्कवर सहसा एनटीएफएस ही मांडणी असते आणि तिथे क्लस्टर ४ केबीचा, म्हणजे ४,०९६ बाइटचा असतो. आपल्या ३,००० बाइटच्या फाइलला त्यातला एक अख्खा क्लस्टर मिळतो आणि सुमारे हजार बाइट रिकामे राहतात. सगळ्या फायली एका क्लस्टरमध्ये मावतात असे धरले, तर एक लाख क्लस्टरांचे ३९१ एमबी होतात. `Size on disk` हा आकडा दाखवते. फरक शंभरेक एमबीचा आहे आणि आजच्या डिस्कवर तो कोणाला जाणवणारही नाही.

आता हाच फोल्डर ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या. एवढ्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हवर आणि मेमरी कार्डावर सहसा एक्सफॅट ही मांडणी असते. विंडोजमध्ये ३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह एक्सफॅटने फॉरमॅट केला आणि बाकी काही बदलले नाही, तर क्लस्टर १२८ केबीचा ठरतो. म्हणजे ३,००० बाइटच्या प्रत्येक फाइलसाठी १,३१,०७२ बाइट अडतात. एक लाख फायलींची जागा होते १२.२ जीबी. मजकूर तोच २८६ एमबी. पेन ड्राइव्हवर १० जीबी मोकळे असतील, तर सुमारे ८२ हजार फायली गेल्यावर ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप येईल. समोर बसलेल्या माणसाला ते पटणार नाही, कारण त्याने कॉपी करण्याआधी `Size` पाहिलेला असतो.

एवढे मोठे क्लस्टर ठेवण्यामागे कारण आहे. कोणता क्लस्टर कोणाला दिला याची नोंद मांडणीला ठेवावी लागते. क्लस्टर लहान ठेवले की त्यांची संख्या वाढते आणि नोंदही वाढते. जुन्या फॅट-१६ मांडणीत क्लस्टरचा क्रमांक १६ बिटांत लिहिला जाई, त्यामुळे साधारण ६५ हजारांहून जास्त क्लस्टर मोजताच येत नसत. मग २ जीबीच्या डिस्कवर क्लस्टर ३२ केबीचा करणे भाग पडे. एक्सफॅटला ती अडचण नाही, पण ही मांडणी कॅमेऱ्यातल्या फोटो-व्हिडिओसारख्या मोठ्या फायली नजरेसमोर ठेवून केली आहे आणि तिथे मोठा क्लस्टर सोयीचा पडतो. पाच एमबीच्या फोटोचा शेवटचा क्लस्टर सरासरी अर्धा रिकामा राहिला, तर ६४ केबी वाया जातात. हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे नुकसान फाइलच्या आकारावर नाही, फायलींच्या संख्येवर अवलंबून आहे.

त्यामुळे उपायही सोपा आहे. लहान लहान फायलींचा मोठा ढीग पेन ड्राइव्हवर न्यायचा असेल, तर आधी त्याची एक झिप फाइल करावी. झिपमध्ये मजकूर दाबला गेला नाही तरी एक लाख फायलींच्या जागी एकच फाइल होते आणि वाया जाणारी जागा एका क्लस्टरच्या आत राहते. दुसरा मार्ग म्हणजे फॉरमॅट करताना `Allocation unit size` लहान निवडणे, पण फॉरमॅटने ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते हे ध्यानात ठेवावे.

याच्या उलटही घडते. शेकडो बाइटांची अगदी चिमुकली फाइल एनटीएफएसवर ठेवली, तर `Size on disk` शून्य दिसू शकते. एनटीएफएस प्रत्येक फाइलची एक नोंद ठेवते आणि ती नोंद साधारण १ केबीची असते. मजकूर त्या नोंदीतच मावत असेल, तर वेगळा क्लस्टर दिलाच जात नाही.

एक जागा, अनेक नावे

आता दुसरी गोष्ट. आपण ‘फाइल’ म्हणून जे पाहतो ते खरे तर फोल्डरात लिहिलेले एक नाव असते. ते नाव एका नोंदीकडे बोट दाखवते आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे हे त्या नोंदीत असते. लिनक्स आणि युनिक्सच्या जगात या नोंदीला आयनोड म्हणतात. एकाच नोंदीकडे दोन, दहा किंवा शंभर नावे बोट दाखवू शकतात. अशा प्रत्येक नावाला हार्ड लिंक म्हणतात. शॉर्टकटचे तसे नाही. शॉर्टकट मूळ फाइलवर अवलंबून असतो, तर हार्ड लिंकमध्ये मूळ आणि नक्कल असा भेदच नसतो, सगळी नावे सारख्या हक्काची असतात. सातबारावर चार भावांची नावे लागली म्हणून जमीन चौपट होत नाही आणि एक नाव कमी झाले म्हणून जमीन नाहीशी होत नाही. इथेही तसेच आहे. शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत जागा मोकळी होत नाही.

याचा सर्वात मोठा उपयोग बॅकअपमध्ये होतो. आपल्या ग्रंथालयाचा एकूण संग्रह ४० जीबीचा आहे आणि रोज सरासरी २०० एमबीच्या फायली बदलतात, असे धरू. रोज रात्री लिनक्सच्या यंत्रावर `rsync` बॅकअप घेते. पहिल्या दिवसाचा बॅकअप `01` या फोल्डरात असेल, तर दुसऱ्या दिवशीचा आदेश असा असतो:

```
rsync -a --link-dest=/backup/01 /data/ /backup/02/
```

याचा अर्थ असा की काल होती तशीच असलेली फाइल नव्याने लिहू नकोस, कालच्याच नोंदीला आजच्या फोल्डरात आणखी एक नाव दे. बदललेली फाइल तेवढी नव्याने लिही. महिनाभराने तीस फोल्डर होतात. कुठलाही उघडला तर त्या दिवशीचा संपूर्ण ४० जीबीचा संग्रह दिसतो. नावांप्रमाणे बेरीज केली तर १,२०० जीबी भरतात. डिस्क मात्र ५०० जीबीची आहे आणि तिच्यावर जवळपास ४६ जीबीच अडले आहेत. पहिले ४० जीबी आणि पुढच्या २९ दिवसांचे २०० एमबी प्रमाणे ५.८ जीबी, असा तो हिशेब आहे.

लिनक्समधले `du` हे साधन एका फेरीत प्रत्येक आयनोड एकदाच मोजते, त्यामुळे सगळ्या `backup` फोल्डरवर चालवले की ते ४६ जीबीच्या आसपासचा आकडा देते. पण त्याचाही एक पेच आहे. दोन दिवसांचे फोल्डर एकत्र मोजून पाहा:

```
$ du -sh /backup/01 /backup/02
40G     /backup/01
200M    /backup/02
```

वाटते की `01` जड आहे आणि `02` हलका. आता तोच आदेश क्रम उलटा करून द्या. या वेळी `02` समोर ४०जी येतील आणि `01` समोर २०० एमच्या आसपास. मधल्या काळात डिस्कवर काहीच बदललेले नाही. जो फोल्डर आधी मोजला त्याच्या खात्यावर सामाईक फायली पडल्या, एवढेच. जागा कमी पडू लागली की हाच आकडा माणसाला चकवतो. `01` चाळीस जीबीचा दिसला म्हणून तो पुसला, तर मोकळे होतात सुमारे २०० एमबी. म्हणजे त्यानंतर बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती तेवढ्या जातात. बाकी सगळ्या फायलींवर उरलेल्या २९ फोल्डरांमधली नावे कायम असतात.

जास्त नुकसान हा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलवताना होते. साध्या कॉपीला नावांमधले हे नाते कळत नाही. ती प्रत्येक नावासाठी वेगळी फाइल लिहिते आणि ४६ जीबीचे १,२०० जीबी होऊ लागतात. `rsync` ला `-H` हा पर्याय दिला तर नाते टिकते, पण समोरच्या मांडणीला हार्ड लिंक ठाऊक असायला हवी. एक्सफॅटला ती ठाऊक नाही. शिवाय हार्ड लिंक एकाच मांडणीच्या आत चालते, एका डिस्कवरचे नाव दुसऱ्या डिस्कवरच्या नोंदीकडे बोट दाखवू शकत नाही.

विंडोज वापरणाऱ्यांची गाठ याच गोष्टीशी `C:\Windows\WinSxS` या फोल्डरात पडते. विंडोजच्या घटकांच्या फायली तिथे असतात आणि त्यातल्या बऱ्याच फायलींना `System32` सारख्या फोल्डरांतही हार्ड लिंकने नाव दिलेले असते. एक्सप्लोरर नावाप्रमाणे मोजतो, म्हणून तीच फाइल दोन्हीकडे धरली जाते आणि `WinSxS` फुगलेला दिसतो. एखाद्या फाइलची किती नावे आहेत ते असे पाहता येते:

```
fsutil hardlink list C:\Windows\System32\notepad.exe
```

या फोल्डराने खरोखर किती जागा घेतली ते जाणून घ्यायला मायक्रोसॉफ्टने वेगळा आदेश दिला आहे. तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा लागतो:

```
Dism.exe /Online /Cleanup-Image /AnalyzeComponentStore
```

त्याच्या उत्तरात एक्सप्लोरर दाखवतो तो आकार, खरा आकार आणि त्यातला विंडोजशी सामाईक असलेला भाग, असे तीन आकडे वेगवेगळे येतात. साफसफाईची गरज आहे की नाही हेही तो सांगतो. `WinSxS` मधल्या फायली हाताने पुसू नयेत. त्याने जागा फारशी सुटत नाही आणि विंडोज मात्र बिघडू शकते.

न लिहिलेली पोकळी

तिसऱ्या प्रकारात फाइल जेवढी लांब दिसते तेवढी जागा तिने घेतलेलीच नसते. याचे उदाहरण लिनक्समध्ये वर्षानुवर्षे पाहायला मिळाले आहे. `/var/log/lastlog` या फाइलमध्ये प्रत्येक वापरकर्त्याने शेवटचा प्रवेश केव्हा केला याची नोंद राहत आली. एक नोंद २९२ बाइटची. वापरकर्त्याचा क्रमांक गुणिले २९२ एवढ्या अंतरावर त्याची नोंद लिहायची, म्हणजे शोधत बसावे लागत नाही, थेट तिथे जाता येते. ६४ बिटांच्या जुन्या रेड हॅट यंत्रांवर `nfsnobody` या वापरकर्त्याचा क्रमांक ४२९,४९,६७,२९४ होता. त्याची नोंद लिहिली गेली की फाइलचा शेवट सव्वा लाख कोटी बाइटांच्या पलीकडे जाई आणि `ls -lh` हा आदेश त्या फाइलसमोर `1.2T` दाखवी. डिस्क याच्या निम्म्याचीही नसली तरी.

हे शक्य होते, कारण मधल्या अंतरात कोणी काही लिहिलेलेच नसते. जिथे लिहिले तिथेच मांडणी क्लस्टर देते. बाकीच्या भागाची ‘इथे काही नाही’ अशी नोंद राहते आणि कोणी तो वाचायला गेले, तर मांडणी शून्ये वाचून दाखवते. अशा फाइलला स्पार्स फाइल म्हणतात. `du` अडलेली जागा मोजते, म्हणून त्याच `lastlog` समोर ते जेमतेम काही केबी सांगते. लिनक्सवर कोणालाही हे करून पाहता येते:

```
$ truncate -s 1G khali.img
$ ls -lh khali.img     # 1.0G
$ du -h khali.img      # 0
```

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फायली बहुधा अशाच बनवतात. १०० जीबीची डिस्क जाहीर करायची आणि आतली यंत्रणा लिहील तसतशी जागा द्यायची. सोय चांगली आहे, पण तिच्यात धोकाही आहे. ५०० जीबीच्या डिस्कवर अशी दहा मशीन सहज बसतात, कारण सुरुवातीला ती रिकामी असतात. ती भरू लागली की एके दिवशी खरी जागा संपते. तेव्हा आतल्या यंत्रणेला आपल्या डिस्कवर भरपूर जागा शिल्लक दिसत असते आणि तरीही लिहिणे अडते. म्हणून अशा ठिकाणी फायलींची जाहीर लांबी आणि अडलेली जागा, दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते.

स्पार्स फाइलचे खरे दुखणे कॉपी करताना कळते. ज्या साधनाला पोकळी ओळखता येत नाही ते सगळी शून्ये वाचते आणि सगळी शून्ये लिहिते. सव्वा टीबीच्या `lastlog` मुळे बॅकअप तासन्‌तास अडकून पडतो तो यामुळे. `tar` आणि `rsync` या दोन्हींना `-S` हा पर्याय दिला, तर त्या पोकळ्या पोकळ्याच ठेवतात. एक्सफॅट आणि फॅट-३२ वर मात्र स्पार्स फायली ठेवण्याची सोयच नाही. तिथे १०० जीबीची रिकामी डिस्क फाइल नेली, तर एक्सफॅटवर पूर्ण १०० जीबी अडतील. फॅट-३२ वर ती जाणारच नाही, कारण तिथे एक फाइल ४ जीबीपर्यंतच असू शकते.

घरच्या संगणकावर याचे जवळचे रूप वनड्राइव्हमध्ये दिसते. फक्त इंटरनेटवर ठेवलेल्या फाइलचे `Properties` उघडले, तर `Size` पूर्ण दिसतो आणि `Size on disk` शून्य. नाव आणि लांबी इथे आहे, मजकूर इथे नाही. असा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला घेतला की प्रत्येक फाइल आधी इंटरनेटवरून उतरू लागते.

कोणता आकडा कशासाठी

आता सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे पाहिले, तर आकड्यांचा ताळमेळ लागतो. मजकूर किती हे `Size` सांगते, `ls -l` सांगते आणि `du --apparent-size` सांगते. ईमेलने पाठवायचे किंवा इंटरनेटवर चढवायचे असेल, तर हा आकडा धरावा. जागा किती अडली हे `Size on disk` आणि साधे `du` सांगते. मात्र हा आकडा ज्या डिस्कवर फाइल आहे तिथलाच असतो. दुसऱ्या डिस्कवर क्लस्टरचे माप वेगळे, हार्ड लिंकची सोय वेगळी आणि पोकळ्यांची सोय वेगळी. तेव्हा कॉपी करण्याआधी समोरच्या डिस्कवरची मांडणी कोणती, तिचा क्लस्टर केवढा आणि आपल्याकडे फायली किती, हे पाहावे. नावे किती हे `ls -l` च्या दुसऱ्या स्तंभात दिसते. फाइलसमोर तिथे १ पेक्षा मोठा आकडा असेल, तर ती पुसून जागा सुटेलच असे नाही.

आणखी काही कारणे याच्या बाहेरची आहेत. मॅकवर २००९पासून १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटला १ जीबी म्हणते. त्यामुळे तीच फाइल मॅकवर सात टक्क्यांनी मोठी दिसते. लिनक्सवर एखाद्या चालू प्रोग्रामने उघडून धरलेली फाइल पुसली, तर `du` ला ती दिसत नाही, पण तो प्रोग्राम बंद होईपर्यंत `df` ती जागा भरलेलीच दाखवते. मॅकच्या एपीएफएस मांडणीत ‘डुप्लिकेट’ केलेली फाइल आधी मूळ फाइलचीच जागा वापरते. तिथे आयनोड वेगवेगळे असल्याने `du` सुद्धा ती दोनदा मोजते.

म्हणून काही पुसल्याने किती जागा सुटेल याचे पक्के उत्तर कोणत्याही एका फाइलच्या आकड्यात मिळत नाही. ते मिळते डिस्कवरच्या एकूण मोकळ्या जागेत. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या ‘Properties’मध्ये आणि लिनक्सवर `df -h` मध्ये ती दिसते. मोठी साफसफाई करायची असेल, तर आधी ही मोकळी जागा लिहून ठेवावी, एखादाच फोल्डर पुसावा आणि पुन्हा पाहावी. विंडोजमध्ये त्याआधी रिसायकल बिन रिकामा करायला हवा, कारण तिथे पडलेली फाइल जागा सोडत नाही. आकडा अपेक्षेइतका वाढला नाही, तर पुढचे काही पुसण्याआधी थांबावे. त्या फायलींना आणखी कुठे नाव आहे किंवा त्यांनी मुळात तेवढी जागा घेतलीच नव्हती, या दोनपैकी एक गोष्ट बहुधा सापडते.